क्लायंटने कौतुक केलं की रिप्लाय देताना या चुका टाळा

मी पुण्यात छोटी इंटिरियरची कामं घेतो, जास्त करून किचन आणि कपाटं. काम संपल्यावर व्हॉट्सॲपवर कौतुकाचा मेसेज येतो आणि त्याला उत्तर देताना आपण भलतंच काहीतरी लिहून बसतो, मी पण बसलोय. एका ताईंचा मेसेज होता: "दादा किचन एकदम झकास झालंय, आई दिवसातून दहा वेळा ट्रॉल्या उघडून बघतेय. कोपऱ्यातली जागा वाया जाणार वाटलं होतं तीही वापरात आली, थँक्यू!" आता याला काय लिहायचं?

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "अहो त्यात काय, सोपंच होतं काम." हे एका जुन्या क्लायंटला मी लिहिलं होतं आणि दुसऱ्या कामाचं कोटेशन दिलं तेव्हा ते हसत म्हणाले, मागचं तर सोपं होतं ना, मग एवढे कसे लावता? कामाला कमी लेखलं की त्यांनी मोजलेल्या पैशालाही आपण कमी लेखतो, आणि ज्याने कौतुक केलं त्याची आवड पण चुकीची ठरवतो. नम्रपणा दाखवायचा तो स्वतःबद्दल, कामाबद्दल नाही.

दुसरी चूक जरा फसवी आहे, "सगळं क्रेडिट आमच्या टीमचं 🙏". ऐकायला छान पण हे कुठल्याही कामाला चालेल असं वाक्य आहे, क्लायंटला लगेच कळतं की हा कॉपी-पेस्ट आहे (बिझनेस ॲपमध्ये क्विक रिप्लाय सेव्ह करता येतात, ते पत्ता नि टायमिंग सांगायला ठेवा, इथे नको). क्लायंटने जी गोष्ट उचलली तीच धरायची. ताईंनी कोपरा म्हटलंय ना, मग कोपरा कोणाच्या डोक्यातून आला ते सांगा. काहीजण मिस्त्रींचं नाव मुद्दाम टाळतात, पुढचं काम परस्पर त्यांना जाईल म्हणून, पण मिस्त्री तीन आठवडे क्लायंटच्याच घरात होते, नंबर द्यायचा तर कधीच दिला असेल. मात्र "मी काहीच नाही केलं, सगळं त्यांनीच" इतकंही टोक गाठू नका, मग क्लायंट विचार करतो की मधे तुम्ही कशाला.

तिसरी, लगेच ऑफर. "पुढच्या कामाला 10 टक्के सूट" वाचून माणूस खूश होत नाही, त्याला वाटतं म्हणजे या वेळी पण सुटले असते की! राहिलेल्या बिलाची आठवणसुद्धा या मेसेजात नको, ती वेगळ्या दिवशी. पुढच्या कामाचं बोलायचं तर तेच, जे त्यांनी स्वतः कधीतरी काढलं होतं.

मी शेवटी हे पाठवलं:

"ताई, मेसेज वाचून बरं वाटलं, काकूंना आवडलं हे तर खूपच. कोपऱ्याची आयडिया आमच्या मिस्त्रींची, मी ड्रॉइंगमध्ये तिथे नुसतं बंद कपाट दाखवलं होतं. तुमचा मेसेज त्यांना आणि पेंटरदादांना वाचून दाखवला, दोघं खूश आहेत. तुम्हीही इतके दिवस बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून सांभाळून घेतलंत, थँक्यू. सिंकखालच्या शटरचं बिजागर सैल आहे, शनिवारी मिस्त्री येऊन घट्ट करतील. काकूंच्या खोलीतल्या कपाटाचं तुम्ही बोलला होतात, कधी मनावर घेतलंत तर सांगा, माप घ्यायला येतो."

बिजागराचं का लिहिलं? कारण ते राहिलंय हे त्यांनाही दिसतंय, कौतुकाच्या भरात आपण गप्प बसलो तर आठ दिवसांनी तेच तक्रार बनून येतं. आणि "वाचून दाखवला" लिहायच्या आधी खरंच दाखवा, नाहीतर शनिवारी ताई मिस्त्रींना विचारतील आणि ते म्हणतील, कुठला मेसेज?

चुकीचा रिप्लाय गेलाच असेल तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतो. त्यानंतर डिलीट करू नका, डिलीट केल्याची खूण दिसते आणि उगाच शंका येते, सरळ दुसरा मेसेज टाका, "मघाशी घाईत लिहिलं, एक सांगायचं राहिलं" म्हणून. नुसता 🙏 पाठवून झाला असेल तरी हेच.

स्टेटसला स्क्रीनशॉट टाकायचा तर आधी वेगळं विचारा, नंबर आणि डीपी झाकून, घराचे फोटो असतील तर त्याचीही परवानगी.

कपाटाबद्दल ताई काहीच बोलल्या नाहीत तर आठवण करायची नाही. मिस्त्रींनाही मी सांगितलं होतं, शनिवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन जा, टेप खिशातच ठेवा, त्या स्वतःहून म्हणाल्या तरच काढा.