हॉटेलचा ब्रेक-ईव्हन काढताना पार्सल वेगळं धरा

"फूड कॉस्ट पस्तीस टक्क्यांच्या आत ठेव, बाकी आपोआप होतं" असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका, गल्ला भरलेला दिसतो आणि महिन्याच्या शेवटी भाड्याला पैसे नसतात.

ब्रेक-ईव्हन म्हणजे महिन्याची ती विक्री जिथे ना नफा ना तोटा. तो काढायला आधी फिक्स्ड खर्च. गिऱ्हाईक आलं नाही तरी द्यावाच लागतो तो. माझ्या हिशोबात भाडं 80,000, पगार 1,20,000, लाइट-पाणी-अकाउंटंट वगैरे 20,000 आणि स्वतःचा पगार 25,000, म्हणजे 2,45,000. स्वतःचा पगार बरेचजण धरत नाहीत, मग फुकट राबतात.

आता विक्री. जीएसटी काढून धरायची, तो आपला नाहीच. समजा महिन्याला 6 लाख.

मी आपटलो ते पुढच्या पायरीवर, व्हेरिएबल खर्चात. दर ताटामागे वाढणारा खर्च तो हा, पण टेबलवर बसून खाणाऱ्याचा आणि ॲपवरून मागवणाऱ्याचा सारखा नसतो. माझ्याकडे टेबलच्या शंभर रुपयांत किराणा-भाजी 38 आणि गॅस 5 जातो, उरतात 57. ॲपच्या शंभरात हे 43 जातातच, वर कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून 25, डबे-पिशव्या 7. उरतात फक्त 25! किराण्याचा आकडा खरेदीच्या बिलांवरून घेऊ नका, महिन्याच्या सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी वजा शेवटचा शिल्लक स्टॉक असा काढा, नाहीतर तेलाचे डबे भरून ठेवले त्या महिन्यात उगाच घाबराल.

6 लाखात टेबल साडेचार आणि ॲप दीड असेल तर उरतात 2,56,500 अधिक 37,500, म्हणजे 2,94,000. विक्रीच्या 49 टक्के. मग:

```
ब्रेक-ईव्हन = 2,45,000 / 0.49 = 5,00,000
सेफ्टी = (6,00,000 - 5,00,000) / 6,00,000 = 16.7%
```

म्हणजे विक्री साधारण सहावा हिस्सा पडली तरी तोटा नाही. मी हा आकडा एकदा काढला, काउंटरमागे चिकटवला आणि निवांत झालो.

मग पावसाळा आला. लोक घरी बसले, ॲपच्या ऑर्डरी वाढल्या, विक्री तीच 6 लाख पण निम्मी टेबल निम्मी ॲप. आता सरासरी उरतात शंभरात 41, ब्रेक-ईव्हन गेला जवळपास 5,97,600 वर आणि सेफ्टी अर्धा टक्का पण नाही. नफा 49,000 वरून 1,000 वर आला. विक्री एक रुपयाही पडली नव्हती, म्हणून मला कळलंच नाही, मी चोरी शोधत बसलो, वाढप्या पोरावर उगाच संशय घेतला.

म्हणून टेबल आणि ॲपची विक्री रोज वेगळी लिहा आणि ब्रेक-ईव्हन दर महिन्याला नव्याने काढा. एक माणूस वाढवला की फिक्स्ड खर्चही बदलतो, तेव्हा महिना संपायची वाट न बघता त्याच दिवशी परत मांडा.