अडकलेलं रिटेन्शन असं सापडलं

कंत्राटदाराच्या फाइलमधून थकीत रक्कम काढताना मी आधी फक्त मंजूर बिलं आणि मिळालेले पैसे जुळवायचो. रिटेन्शन, म्हणजे बिलांतून कापून राखून ठेवलेली रक्कम, 'दोष दुरुस्तीच्या मुदतीनंतर मिळेल' म्हणून बाजूलाच राहायचं.

एका फाइलने माझी पद्धत बदलली. वर्क ऑर्डर ४० लाखांची. अट अशी, की प्रत्येक बिलातून १० टक्के कापायचे, पण एकूण कपात कराराच्या ५ टक्क्यांपुढे, म्हणजे २ लाखांपुढे, जाऊ द्यायची नाही. पहिल्या तीन बिलांची बेरीज २० लाख, म्हणजे मर्यादा तिथेच गाठली. तरी ६ लाखांच्या चौथ्या बिलातूनही ६०,००० कापलेच! ही जादा कपात होती. तिच्यासाठी दोष दुरुस्तीची मुदत संपायची वाट बघायची गरजच नव्हती. आम्ही ती लगेच मागितली.

आता प्रत्येक बिलापुढे कपातीची चढती बेरीज लिहितो. पूर्णत्वाच्या दाखल्यातून दोन तारखा वेगळ्या टिपतो: काम संपल्याची आणि दाखला दिल्याची. याच फाइलमध्ये त्यांच्यात तीन महिन्यांचं अंतर होतं, आणि दोष दुरुस्तीचे १२ महिने करारानुसार काम संपल्यापासून मोजायचे होते. मी दाखल्याच्या तारखेपासून मोजत होतो, म्हणून उरलेले २ लाख देय होऊनही माझ्या यादीत दिसत नव्हते. प्रत्येक करारात हे कलम वेगळं असतं, त्यामुळे ते मुळातूनच वाचतो.