फेस स्वॅपचा मास्क: केस सुटले, चष्मा सुटला, हाताने मात्र मला रडवलं

फेस पार्सिंग मॉडेल चालवून मास्क कसा काढायचा हे तुम्हाला येत असणार, त्यात वेळ घालवत नाही. केसांचा तर त्रासच नाही, माझ्या मॉडेलमधला 17 नंबरचा क्लास वगळला की झालं. चष्म्याचा क्लास 6, पण त्यात फ्रेमबरोबर बऱ्याचदा काचही येते, म्हणजे तो अख्खा वगळलात तर चेहरा नवा आणि डोळे जुन्याच माणसाचे. पातळ फ्रेम असेल तर मी काच मास्कमध्येच ठेवतो.

आता माझा घोळ. मित्राचा व्हिडिओ होता (त्याला विचारूनच घेतलेला, न विचारता कुणाचा चेहरा वापरू नका), त्यात तो गालावर हात टेकवून बोलतो. स्वॅप केल्यावर बोटं गायब, त्या जागी गालाचा चिखल. एक सिनिअर म्हणाला फेदर वाढव. वाढवलं, तर बोटं भुतासारखी अर्धपारदर्शक दिसायला लागली. कडा खराब दिसली की ब्लर मारा सांगणाऱ्यांचं मी तेव्हापासून ऐकत नाही.

चार दिवसांनी मास्क रंगवून फ्रेमवर टाकून पाहिला तेव्हा कळलं. CelebAMask-HQ वर शिकलेल्या मॉडेलला 19 क्लास असतात, कान, कानातलं, मान, टोपी सगळं आहे, पण हात नाहीच! मग त्या बिचाऱ्याने बोटांना काय म्हणावं? त्वचा, क्लास 1. मॉडेल बिघडलेलं नव्हतं, माझा प्रश्नच त्याच्या यादीत नव्हता. हे पहिल्याच दिवशी करा, रंगीत मास्क डोळ्यांनी बघा.

म्हणजे हात वेगळा शोधून वजा करायचा. मी MediaPipe Hands घेतलं, ते मास्क देत नाही, एका हाताचे 21 बिंदू देतं, ते जाड रेषांनी जोडून आणि तळवा भरून मास्क बनवायचा. इथे परत फसलो, कारण मी त्याला चेहऱ्याचा क्रॉपच देत होतो आणि ते आधी तळवा शोधतं, क्रॉपमध्ये नुसती बोटं. पूर्ण फ्रेम द्या, मग हाताचा मास्क चेहऱ्याच्याच अफाइन मॅट्रिक्सने क्रॉपमध्ये आणा, `INTER_NEAREST` ने.

```python
face = np.isin(labels, [1,2,3,4,5,6,10,11,12,13])
mask = face & ~hand
```

`hand` बूलियन हवा, आणि वजा करायच्या आधी तो दोन-चार पिक्सेल फुगवा, नाहीतर नंतरच्या ब्लरने नव्या गालाचा रंग बोटांवर उतरतो.

घाबरू नका, बहुतेक फ्रेम एवढ्यात सुटतात. पण हात वेगाने हलला की बिंदू मधेच हरवतात आणि दोन-तीन फ्रेम बोटं लुकलुकतात. तेवढ्यापुरता मी मागच्या-पुढच्या फ्रेमचा हाताचा मास्क जोडून वापरतो. तळवा पूर्ण झाकलेला असेल तर तेही चालत नाही, तिथे DeepFaceLab च्या XSeg मध्ये स्वतः बसून फ्रेम आखायच्या आणि ट्रेन करायचं, कंटाळवाणं आहे पण शॉर्टकट मला तरी सापडला नाही.