बचत खात्याचे व्याज : दहा तारखेची वाट पाहू नका, आणि या चुकाही टाळा

बँकेच्या काउंटरवर बसून मी अनेक वर्षे पासबुके भरली आणि निवृत्तीनंतरही राजारामपुरीतल्या माझ्या घरी ओळखीची माणसे पासबुक घेऊन येतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे बँकेने व्याज कमी दिले. हिशेब मांडून पाहिला की बँकेचा आकडा जवळजवळ नेहमीच बरोबर निघतो आणि चूक खातेदाराच्या डोक्यातल्या नियमात सापडते.

त्यातली सर्वांत हट्टी चूक दहा तारखेची आहे. पूर्वी बँका प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यावर जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज देत असत. त्यामुळे अकरा तारखेला भरलेल्या रकमेला त्या महिन्यात काहीच मिळत नसे आणि एकोणतीस तारखेला काढलेल्या रकमेचे महिनाभराचे व्याज बुडत असे. हा नियम १ एप्रिल २०१० रोजी संपला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार त्या दिवसापासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिल्लकेवर काढले जाते आणि नागरी सहकारी बँकाही त्याला अपवाद नाहीत. तरीही इतक्या वर्षांनंतर लोक दहा तारीख मनात धरून बसतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांना बारा नोव्हेंबरला चार लाख रुपयांचा धनादेश मिळाला. ‘दहा तारीख उलटली, आता या महिन्याचे व्याज मिळायचे नाही,’ असे म्हणून त्यांनी तो कपाटात ठेवला आणि एक डिसेंबरला बँकेत नेला. त्यांच्या खात्यावर वर्षाला अडीच टक्के दर होता. एकोणीस दिवसांचे सुमारे ५२० रुपये त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिले होते. मी हे कागदावर मांडून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मला हे कुणी सांगितलेच नाही हो.” ते खरेच होते. नियम बदलला की तो बँकेच्या फलकावर लागतो, पण घरात वडिलांनी सांगितलेला जुना नियम तसाच चालू राहतो.

हा गोंधळ टिकून राहण्याचे आणखी एक कारण पोस्ट ऑफिस आहे. पोस्टाच्या बचत खात्याला आजही दहा तारीख ते महिनाअखेर या काळातल्या किमान शिल्लकेचाच नियम लागू आहे आणि तिथले व्याज आर्थिक वर्षाच्या शेवटी एकदाच जमा होते. म्हणून पोस्टाच्या खात्यासाठी दहा तारीख जरूर पाळावी, पण तीच सवय बँकेत नेऊ नये. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे तिथे पैसे ठेवणाऱ्यांनी व्याजाचा नियम संस्थेकडूनच विचारून घ्यावा.

दुसरी चूक घाईची आहे. तिमाहीत खात्यावर दिसलेली एखादी मोठी शिल्लक धरायची, तिला दराने गुणायचे, चाराने भागायचे आणि येईल तो आकडा बँकेकडे मागायचा, असा आडमार्ग अनेक जण काढतात. करवीर तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाने असेच केले होते. त्यांच्या खात्यावर एक ऑक्टोबरला ४०,००० रुपये होते. बारा नोव्हेंबरला उसाच्या बिलाचे २,१०,००० रुपये जमा झाले आणि शिल्लक अडीच लाख झाली. सव्वीस नोव्हेंबरला त्यांनी १,८०,००० रुपये काढले आणि ७०,००० रुपये डिसेंबरअखेरपर्यंत तसेच राहिले. त्यांनी अडीच लाखांवर तीन महिन्यांचे १,५६२ रुपये धरले होते, पण प्रत्यक्षात ५२७ रुपये जमा झाले. ते चिडून शाखेत आले, आणि शांतपणे बसून दिवस मोजण्याची त्यांची तयारी नव्हती.

दिवस मोजल्याशिवाय हा हिशेब होत नाही. एक ऑक्टोबर ते अकरा नोव्हेंबर हे ४२ दिवस ४०,००० शिल्लक होती, म्हणून गुणाकार १६,८०,००० येतो. बारा ते पंचवीस नोव्हेंबर या १४ दिवसांसाठी अडीच लाख धरले की ३५,००,००० होतात. सव्वीस नोव्हेंबर ते एकतीस डिसेंबर या ३६ दिवसांसाठी ७०,००० धरले की २५,२०,००० होतात. तिन्हींची बेरीज ७७,००,००० आहे. तिला २.५ ने गुणून ३६,५०० ने भागले की ५२७ रुपये ४० पैसे येतात आणि बँक ते जवळच्या पूर्ण रुपयात जमा करते. जुना दहा तारखेचा नियम असता, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला ४०,००० व डिसेंबरला ७०,००० एवढीच शिल्लक धरली गेली असती आणि त्यांना साधारण ३१२ रुपयेच मिळाले असते. उसाच्या बिलाने त्या चौदा दिवसांत जे सुमारे २०१ रुपये कमावले, ते जुन्या पद्धतीत पूर्ण बुडाले असते.

मी स्वतः वहीच्या एका पानावर तीन रकाने आखतो : तारीख, त्या दिवसअखेरची शिल्लक आणि ती शिल्लक किती दिवस टिकली. शिल्लक बदलली नाही, तर नवी ओळ लिहायची नाही. शेवटी दिवसांची बेरीज तिमाहीच्या दिवसांइतकी भरली पाहिजे; ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत ती ९२ भरते. ती जुळली नाही, तर पुढचा गुणाकार मी करतच नाही. मोबाइलवरच्या तयार गणनयंत्रात एकच शिल्लक टाकून उत्तर शोधणाऱ्यांना माझी ही पद्धत वेळखाऊ वाटते, पण सतत हलणाऱ्या खात्याचा हिशेब एका आकड्यात बसत नाही.

शिल्लक धरताना ती दिवसअखेरचीच धरावी. सकाळी पन्नास हजार भरून संध्याकाळी काढले, तर त्या दिवसाच्या व्याजात त्यांची गणना होत नाही. धनादेश टाकला त्या दिवसापासून नव्हे, तर त्याचे पैसे खात्यात आले त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. तिमाहीच्या मध्येच दर बदलला, जसा अनेक बँकांनी २०२५ च्या जूनमध्ये उतरवला, तर बदलाच्या तारखेला वहीत नवी ओळ सुरू करून दोन्ही भागांना आपापला दर लावावा. एक लाखापर्यंतच्या शिल्लकेला बँकेत सर्वांना एकच दर असतो, पण त्यापुढे काही बँका वेगळा दर देतात, म्हणून मोठी शिल्लक असणाऱ्यांनी दरपत्रक पाहूनच आकडा मांडावा.

व्याज रोज मोजले जाते म्हणून ते रोज जमा होते, असे मात्र नाही. रिझर्व्ह बँकेने तिमाही किंवा त्याहून कमी अंतराने व्याज जमा करण्याचे बंधन घातले आहे आणि नेमकी तारीख बँक ठरवते. जमा होईपर्यंत ते तुमच्या शिल्लकेत नसते, त्यामुळे त्यावर व्याजही चढत नाही. दुसरीकडे, ‘जमा व्हायच्या आधी पैसे काढले तर व्याज जाते’ ही भीतीही निराधार आहे. तीस डिसेंबरला खाते जवळजवळ रिकामे केले, तरी आधीच्या नव्वद दिवसांचे व्याज तिमाहीअखेरीस येतेच. खाते मध्येच बंद करायचे असेल, तर तोपर्यंतचे व्याज बंद करतानाच मिळते. त्यामुळे ऑगस्टमध्ये बंद करायचे खाते केवळ व्याजासाठी सप्टेंबरअखेरपर्यंत चालू ठेवण्याची गरज नाही, फक्त अंतिम हिशेबाच्या पावतीवर व्याजाचा वेगळा आकडा आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.