लिंक्डइनची पडताळणी: कोड मागवण्याआधी कंपनीचं पान तपासा

लिंक्डइनवर पडताळणी म्हणून जे मिळतं त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, आणि नवखे लोक त्यांची सरमिसळ करतात. ओळखीची पडताळणी सांगते की या नावाचा माणूस खरोखर आहे आणि त्याच्याकडे सरकारी ओळखपत्र आहे. कंपनीच्या ईमेलची पडताळणी सांगते की या माणसाला अमुक कंपनीच्या डोमेनवरचा मेलबॉक्स उघडता येतो. तुमचं पद, तुमची वर्षं, तुमचं काम यांबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत. तरीही रिक्रूटरसाठी त्यांना किंमत आहे, कारण चोरलेला फोटो आणि बनावट कंपनी लावलेली खाती त्याला सतत भेटत असतात. शंका आली की तो प्रोफाइलवरचं `About this profile` उघडतो. खातं कधी उघडलं, संपर्काची माहिती आणि फोटो कधी बदलला, काय पडताळलेलं आहे, हे सगळं तिथे दिसतं. त्यामुळे नावाशेजारची खूण मिळाली एवढ्यावर थांबू नका. त्या पानावर नेमकं काय लिहून आलंय ते स्वतः वाचा.

हे सगळं फुकट आहे. पैसे घेऊन ‘ब्लू टिक काढून देतो’ म्हणणारा कुणीही असो, त्याच्यापासून लांब राहा. प्रीमियमचं सोनेरी चिन्ह ही पडताळणी नव्हे, ते फक्त पैसे भरल्याचं चिन्ह आहे. आणि ‘आमच्या कंपनीचा मेल आयडी देतो, टिक करून घे’ असं म्हणणारा मार्गदर्शक मुळात मार्गदर्शकच नव्हे. जिथे कधी काम केलं नाही तिथला कर्मचारी म्हणून स्वतःला पडताळून घेणं ही फसवणूक आहे, आणि पहिल्याच पार्श्वभूमी तपासणीत ती उघडी पडते.

ओळखीची पडताळणी आधी करा. ती लिंक्डइन स्वतः करत नाही, बाहेरच्या संस्था करतात: काही देशांत क्लिअर, बऱ्याच देशांत पर्सोना, काही ठिकाणी सरकारी डिजिटल ओळखपत्राच्या सेवेतून. तुम्हाला कुठला पर्याय आहे ते तुमच्या प्रोफाइलवरूनच कळतं. मेलमध्ये आलेल्या लिंकवरून पडताळणी कधीच सुरू करू नका.

पासपोर्टचा मार्ग असेल तर त्यात तीन टप्पे असतात: फोटोच्या पानाचा फोटो, चिपचं वाचन आणि सेल्फी. अडतं ते बहुधा चिपपाशी. मुखपृष्ठावर आयताच्या मधोमध वर्तुळ असलेलं छोटं चिन्ह नसेल, तर त्या पासपोर्टात चिपच नाही. चिन्ह असूनही वाचन होत नसेल तर कारण बरेचदा आधीच्या टप्प्यात सापडतं. फोटोच्या पानावर तळाला असलेल्या दोन ओळींतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांवरून चिप उघडण्याची किल्ली बनते. त्या ओळींवर दिव्याची चमक पडली आणि एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं, तर चिप उघडत नाही आणि आपण फोनला दोष देत बसतो. फोटो सावलीत, सपाट टेबलावर पुन्हा काढा. मग पासपोर्टाचं आणि फोनचं कव्हर काढून फोन चिपवर टेकवा आणि काही सेकंद अजिबात हलवू नका. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, अँड्रॉइडचा बहुधा पाठीच्या मध्यावर. चिप कुठल्या पासपोर्टात पुढच्या कव्हरात असते, कुठल्यात मागच्या, म्हणून दोन्ही बाजू करून पाहा.

दुसरी अडचण नावाची. प्रोफाइलवर ‘प्राजू’ आणि पासपोर्टावर ‘प्राजक्ता’, आडनावाच्या रकान्यात पदव्यांची शेपटी, पासपोर्टावर लग्नाआधीचं आणि प्रोफाइलवर नंतरचं आडनाव, यातलं काहीही असलं तरी जुळणी अडते. सुरू करण्याआधी प्रोफाइलचं नाव ओळखपत्राप्रमाणे करा आणि नंतर हौसेने बदलू नका, कारण नावात मोठा बदल केला तर पडताळणी जाऊ शकते. घाबरण्यासारखं यात काही नाही. नाव जुळवून पुन्हा प्रयत्न करता येतो, आणि एकदा फसला म्हणून प्रोफाइलवर कुठलाही डाग दिसत नाही.

आता कंपनीच्या ईमेलकडे या. दिसायला ही अगदी सोपी गोष्ट आहे: ऑफिसचा मेल टाका, सहा अंकी कोड येईल, तो भरा. पण माणसं अडकतात ती इथेच, आणि अडकल्याचं त्यांना कित्येक महिन्यांनी कळतं. म्हणून इथे मी जरा लांबण लावणार आहे.

पडताळणी तुमच्या मेलला चिकटत नाही. ती चिकटते तुमच्या अनुभवातल्या चालू नोकरीला, आणि ती नोकरी कंपनीच्या लिंक्डइन पानाला जोडलेली असावी लागते. अनुभव भरताना कंपनीचं नाव नुसतं टाइप करून पुढे गेलात, खाली आलेल्या यादीतून पान निवडलं नाही, तर नोंद कुठल्याच पानाला जोडली जात नाही. ओळखायची खूण म्हणजे लोगोच्या जागी राखाडी इमारत. अशा नोंदीवर मेलचा पर्याय येत नाही आणि लोकांना वाटतं की आपली कंपनी पात्रच नाही. नोंदीची पेन्सिल दाबा, कंपनीचं नाव पुसून पुन्हा टाइप करा, यादीतून लोगो असलेलं पान निवडा, आणि सध्या इथेच काम करत असल्याच्या चौकटीत खूण आहे ना ते बघा. मग सेव्ह करा.

यादीत एकाच नावाची चार पानं दिसली तर? कर्मचाऱ्यांची संख्या, वेबसाइट आणि तुमचे सहकारी कुठल्या पानाला जोडलेले आहेत हे पाहा. कुणीतरी हौसेने बनवलेलं अर्धवट पान निवडलंत तर तुमच्या मेलचं डोमेन त्या पानाशी जुळणार नाही आणि मेल नाकारला जाईल. योग्य पान निवडूनही नकार आला तर ते डोमेन पानाच्या नोंदीत नसण्याची शक्यता आहे. ते पान सांभाळणाऱ्याला सांगून डोमेन जोडून घेता येतं. बहुतेक कंपन्यांत ही माणसं मार्केटिंग किंवा एचआरमध्ये असतात, आयटीत शोधत बसू नका.

याहून वाईट प्रकार म्हणजे सगळं सुरळीत पार पडतं, पण चुकीच्या कंपनीवर. समजा, अमृताचं नेमणूकपत्र आणि पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीकडून येतो, जिचं डोमेन `example.net` आहे. रोजचं काम ती क्लायंटकडे करते आणि क्लायंटने तिला `example.com` वरचा मेल दिलाय. क्लायंटचं नाव मोठं, लोगो ओळखीचा. ती अनुभवात क्लायंटचं पान निवडते, त्याच मेलवर कोड मागवते, कोड येतो, पडताळणी होते. यंत्राने काहीच चूक केलेली नाही, मेलबॉक्स तिचाच आहे. रिक्रूटर ते पाहून तिला पुढे पाठवतो. मग कागदपत्रं मागितली जातात, आणि नेमणूकपत्रावर, पगारपत्रकावर, अनुभवपत्रावर दुसऱ्याच कंपनीचं नाव निघतं. क्लायंटच्या एचआरला विचारलं तर ‘ही आमची कर्मचारी नाही’ असं उत्तर येतं, आणि तेही खरंच असतं. टिक नसती तर हा गोंधळ एका वाक्यात सुटला असता. टिकमुळे तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

अमृताने करायला हवं ते असं. कंपनीच्या रकान्यात पगार देणाऱ्या कंपनीचं पान निवडायचं. क्लायंटचं नाव करारात परवानगी असेल तर वर्णनात लिहायचं: ‘अमुक क्लायंटच्या प्रकल्पावर, त्यांच्या टीमसोबत’. पडताळणी `example.net` च्या मेलने करायची. तिथला मेलच मिळाला नसेल तर तो मागायचा, आणि तरी मिळाला नाही तर ही पडताळणी सोडून द्यायची. ओळखीची पडताळणी आणि खरी नोंद एवढं पुरेसं आहे. टिक नाही म्हणून कुणी तुम्हाला बाद करत नाही, पण टिक आणि कागद यांचा मेळ बसला नाही तर नक्की करतात.

हाच गोंधळ मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी यांच्यातही होतो. मेल मूळ कंपनीच्या डोमेनवर, नेमणूकपत्र उपकंपनीचं. कसोटी एकच: उद्या तुमच्या नोकरीची चौकशी झाली तर कुणाचं एचआर ‘हो’ म्हणेल? त्यांचं पान निवडा.

कोड आलाच नाही, तर कंपनीच्या मेल फिल्टरने तो अडवला असू शकतो. स्पॅम फोल्डर आणि फिल्टरने अडवलेले मेल जिथे ठेवले जातात ते क्वारंटाइन, दोन्ही तपासा. पुन्हा मागवला तर शेवटचा आलेला कोडच भरा. तो कोड कुणालाही सांगू नका, स्वतःला लिंक्डइनचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

एक धोक्याचा इशारा, अगदी स्पष्ट शब्दांत: ऑफिसचा मेल खात्याचा मुख्य मेल करू नका. नोकरी सुटली की तो मेलबॉक्स त्याच दिवशी बंद होतो. पासवर्ड बदलायचा कोड तिकडे गेला तर इतक्या वर्षांच्या ओळखींसकट खातं हातचं जातं. `Settings & Privacy` मध्ये `Sign in & security` आणि त्यात `Email addresses` उघडा. मुख्य मेल स्वतःचाच हवा, आणि खात्याला स्वतःचा फोन नंबरही जोडलेला असावा.

गुपचूप नोकरी शोधत असाल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. कोडचा मेल कंपनीच्या सर्व्हरवर येतो, तो कंपनी पाहू शकते. एरवी यात वावगं काही नाही, कित्येक कंपन्या स्वतःच कर्मचाऱ्यांना पडताळणी करायला सांगतात. दुसरं, ‘ओपन टू वर्क’ फक्त रिक्रूटरांना दिसेल असं ठेवलं की लिंक्डइन ते तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरांपासून लपवण्याचा प्रयत्न करतं. पूर्ण खात्री ते देत नाही, आणि तुमची कंपनी कुठली हे त्याला कळायला नोंद योग्य पानाला जोडलेली हवी.

नोकरी सोडताना ऑफिसचा मेल खात्यातून काढा, नोंदीला शेवटची तारीख घाला आणि जुन्या कंपनीला ‘चालू’ ठेवून टिक टिकवू नका. नव्या ठिकाणी मेल मिळाला की आधी नेमणूकपत्रावरचं नाव वाचा, मग पान निवडा, आणि कोड त्यानंतर मागवा.