आर्फिड की नुसते खाण्याचे नखरे? मूल जेवत नसेल तर या चुका टाळा

कालपर्यंत दुधीची भाजी मिटक्या मारत खाणारं दोन वर्षांचं मूल आज तीच भाजी थुंकून टाकतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण दीड वर्षानंतर मुलं नव्या पदार्थांना बिचकायला लागतात. दोन ते सहा या वयात हे नखरे भरात असतात आणि पुढे बहुतेकांचे आपोआप ओसरतात. असं मूल भाज्यांना नाक मुरडतं, पण त्याला भूक लागते, त्याची वाढ होत राहते, लग्नाच्या पंगतीत पुरी आणि जिलबी तरी ते खातं. एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा नजरेसमोर आला, की कधीतरी तो चाखूनही बघतं.

काही मुलांचं मात्र असं होत नाही. त्यांची यादी वयाबरोबर वाढण्याऐवजी आकसत जाते. या त्रासाला अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, थोडक्यात आर्फिड म्हणतात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या नियमावलीत हे निदान आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्येही ते आहे. मूल किती पदार्थ नाकारतं, यावर हे निदान ठरत नाही. त्या नाकारण्यानं काय होतंय, हे बघतात: वजन घटतंय किंवा वाढ खुंटलीय का, लोह किंवा जीवनसत्त्वांची लक्षणीय कमतरता आहे का, मूल नळीनं दिलेल्या आहारावर किंवा पूरक पेयांवर अवलंबून आहे का, आणि शाळा, सहल, वाढदिवस, घरातली जेवणं या साऱ्याचा त्यापायी विचका होतोय का. यातली एक गोष्टही ठळक असली तर पुरते. आपण जाड दिसतो म्हणून जेवण टाळणं यात बसत नाही. घरात कांदा-लसूण चालत नाही, श्रावण पाळतात किंवा अन्नच पुरेसं नाही, म्हणून न खाणं हेही नाही.

कारणंही एकसारखी नसतात. कुणाला पदार्थाचा स्पर्श, वास, रंग सहन होत नाही. कुणाला मुळात भूकच कमी लागते, दोन घासांत पोट भरतं. कुणाला घशात अडकण्याची किंवा उलटी होण्याची भीती बसलेली असते. एकाच मुलात दोन कारणं एकत्रही असू शकतात. घरी होणाऱ्या बहुतेक चुका यातूनच निघतात, कारण साध्या नखऱ्यांवर चालणारे उपाय इथे उलटतात.

चूक: ‘भूक लागली की झक मारत खाईल’

हा सल्ला आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे देतात, आणि नखरेल मुलाच्या बाबतीत तो बऱ्याचदा लागूही पडतो. आर्फिड असलेलं मूल मात्र उपाशी राहतं. ज्याला वरणाचा ओला, गिळगिळीत स्पर्श जिभेवर आला की खरोखर उमासा येतो, त्याच्यासमोर संध्याकाळपर्यंत तेच वरण ठेवलं तरी उमासा जात नाही. कमी भूक असलेल्या मुलाला तर उपास घडल्याचं नीट जाणवतही नाही. दुसऱ्या दिवशी ते जास्त चिडचिडं, जास्त थकलेलं असतं आणि त्या ताटाबद्दलची धास्ती वाढलेली असते. जबरदस्तीनं भरवणं, नाक दाबणं, ‘एवढा घास संपव, मगच उठ’ म्हणणं यांचंही तेच होतं. मोबाइल लावून भरवलं तर घास पोटात जातात खरे, पण ते काय खातंय याची मुलाला ओळखच होत नाही. मोबाइल बंद झाला की गाडी पुन्हा होती तिथेच.

चूक: आवडत्या पदार्थात लपवून घालणं

कणकेत पालक, भातात किसलेलं गाजर. साध्या नखऱ्यांत खपून जातं. पण ज्या मुलाचे मोजकेच पदार्थ उरलेत, त्याची जीभ फार बारकाईनं तपासते. पोळीवरचा जास्तीचा काळा डाग, बिस्किटाचं बदललेलं वेष्टण, वेगळ्या तांदळाचा भात त्याला लगेच कळतो. एकदा फसवणूक लक्षात आली की ते पालक तर नाकारतंच, शिवाय पोळीही सोडतं. अशा मुलाचा एक सुरक्षित पदार्थ कमी होणं हे मोठं नुकसान आहे. नखरेल मूलही कंटाळून एखादा पदार्थ सोडतं, पण काही आठवड्यांनी पुन्हा खायला लागतं. आर्फिडमध्ये सुटलेला पदार्थ बहुधा परत येत नाही. घरी फरक ओळखायला याहून सोपी खूण मला माहीत नाही.

चूक: वजन ठीक आहे, म्हणजे सगळं ठीक आहे

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये एका मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. प्राथमिक शाळेपासून त्याला ठरावीक स्पर्शाचे पदार्थ चालत नव्हते. दुकानातले बटाट्याचे तळलेले काप, वेफर्स, पांढरा पाव आणि प्रक्रिया केलेलं मांस एवढाच त्याचा आहार होता. चौदाव्या वर्षी थकव्याची तक्रार घेऊन तो डॉक्टरांकडे गेला, तेव्हा बी-12 कमी निघालं. उंची-वजन मात्र नेहमीचंच होतं. सतरा वर्षांचा होईतो त्याच्या दृष्टीच्या नसांना कायमची इजा झालेली होती. इतकी टोकाची परिस्थिती क्वचितच येते. पण पोट कॅलरींनी भरलेलं आणि शरीर जीवनसत्त्वांना मोताद, हे एकाच वेळी घडू शकतं हे त्यातून दिसतं.

म्हणून वजनकाट्यावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजनाचा आलेख भरून घ्या. एका भेटीतला आकडा फार काही सांगत नाही. आधी ज्या रेषेवर मूल होतं, तिथून ते खाली घसरतंय का, हे बघायचं. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, बी-12 आणि डी जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. त्याच भेटीत बद्धकोष्ठ, आम्लपित्त, वाढलेले टॉन्सिल, अन्ननलिकेची सूज, गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा सेलिअॅक आजार हेही बघून घ्यावं, कारण शौचाला खडा होणाऱ्या मुलाची भूक तशीही मरते, आणि लोह कमी झालं की ती आणखी मंदावते. दुधाचा हिशेबही सांगा. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात जेवणाला जागा उरत नाही, आणि दुधात लोह नगण्य असतं. मात्र दूधच मुख्य आधार असेल तर ते एकदम तोडू नका. दुसरं काही सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू कमी करायचं.

एक यादी उलगडून बघू

उदाहरणासाठी सात वर्षांचा एक मुलगा घेऊ. आई आठवडाभर तो काय खातो ते लिहून ठेवते. यादी अशी: तूप-मीठ घातलेला पांढरा भात, डाग नसलेली गरम घडीची पोळी, दूध, एकाच कंपनीचं ग्लुकोज बिस्कीट, खारे बटाटा वेफर्स, कुरमुरे, टोस्ट, साखर. वर्षापूर्वी साबुदाण्याची खिचडी आणि केळं होतं, आता दोन्ही बंद. डबा रोज तसाच परत येतो. मित्राच्या वाढदिवसाला जायला तो नकार देतो.

या यादीत भाजी, डाळ, फळ, अंडं असा एकेक गटच नाही. सुटलेले पदार्थ परत आलेले नाहीत आणि शाळा-मैत्रीवर परिणाम झालाय. पण नीट बघितलं तर तिला एक धागाही आहे. बहुतेक पदार्थ कोरडे, फिके आणि दर वेळी एकसारखे लागणारे आहेत. मऊ आणि ओलं, आणि प्रत्येक खेपेला चव बदलणारं केळं आधी गळालं, यात नवल नाही. त्यामुळे इथे ‘निदान वरण तरी खा’ हा पहिला प्रयत्न चुकीचा ठरेल. सुरुवात कुरमुऱ्यांपासून करावी.

आहारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट आवडीच्या पदार्थापासून अगदी जवळच्या पदार्थाकडे जाण्याची पद्धत वापरतात. एका वेळी एकच गुण बदलायचा. रोजचे कुरमुरे तसेच वाटीत द्यायचे आणि शेजारच्या वेगळ्या बशीत तव्यावर किंचित जास्त कुरकुरीत केलेले चार दाणे ठेवायचे. ते जमले की तेलाचा हात आणि मीठ लावलेले, मग हळदीचा पिवळा रंग आलेले. मग त्याच रंगाचे भाजलेले पातळ पोहे आणि शेवटी चिवड्यातलं डाळं. डाळ्यापर्यंत पोचलो की कुरकुरीतपणा न सोडता यादीत पहिली डाळ आली, तिच्याबरोबर प्रथिनं आणि थोडं लोहही. चार वर्षांखालच्या मुलांना असे कडक दाणे देऊ नका, घशात अडकतात.

प्रत्येक पायरीला किती दिवस लागतील ते मूल ठरवतं. बघणं, हात लावणं, हुंगणं, जिभेला लावून परत काढणं, हे सगळं प्रगतीतच धरायचं. बशीत ठेवलं आणि खाल्लं नाही तर काही बोलायचं नाही, आणि खाल्लं तरी टाळ्या पिटायच्या नाहीत, कारण फाजील कौतुकाचंही दडपण येतं. काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलावर सोडावं. प्रत्येक जेवणात त्याचा एक तरी सुरक्षित पदार्थ ताटात हवा. त्यावरून ‘लाडावून ठेवलंय’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्यावं. जेवणांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर ठेवून मधल्या वेळात फक्त पाणी दिलं, तर भुकेला वेळ मिळतो.

या मुलाच्या तपासणीत लोह किंवा बी-12 कमी निघालं तर त्याचं औषध डॉक्टर वेगळं सुरू करतील, कारण डाळ्यापर्यंत पोचायला महिने लागू शकतात आणि तोवर शरीर थांबणार नाही. चावण्या-गिळण्यात अडचण किंवा स्पर्शाची तीव्र नावड असेल तर ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्टची मदत लागते, भीती असेल तर बालमानसशास्त्रज्ञांची. खासगी खर्च परवडत नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी असावेत, अशीच त्या केंद्रांची रचना आहे. स्वमग्न मुलांमध्ये आर्फिड बरंच आढळतं, पण आर्फिड आहे म्हणजे मूल स्वमग्न आहे असं नाही.

चूक: अचानक थांबलेल्या खाण्यालाही ‘नखरे’ समजणं

वर सांगितलेलं सगळं सावकाश चालणारं आहे. भीतीचा प्रकार तसा नसतो. सगळं खाणारी नऊ वर्षांची मुलगी शेंगदाणा घशात अडकून ठसकते, आणि चार दिवसांत पोळी, भाजी, भात सगळं बंद करून दुधावर आणि पेजेवर येते. ‘पुन्हा अडकेल’ असं ती सांगते, घास तोंडात घोळवत बसते. इथे यादी करत महिने घालवायचे नाहीत. आधी डॉक्टरांकडून घसा आणि अन्ननलिका तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर मानसशास्त्रज्ञाच्या मदतीनं पातळ, मग मऊ, मग कोरडं अशा क्रमानं भीतीला सामोरं जाण्याचे उपचार लवकर सुरू करा. ही मुलं योग्य मदतीनं पुष्कळदा लवकर पूर्वपदावर येतात.

वजन झपाट्यानं उतरतंय, उभं राहताना चक्कर येते, हातपाय गार पडतात, आठ-दहा तासांत लघवी झालेली नाही, पाणीही नको म्हणतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि कित्येक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या मुलाला घरीच एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपासमारीनंतर अचानक पोटभर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. अशा मुलाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, थोडा थोडा वाढवतात.