आवाज तुमचा, गोंधळ समोरच्या घरातला: कॉलवर इको येतो तेव्हा या चुका टाळा

दर रविवारी संध्याकाळी आमचा घरचा झूम कॉल असतो. आई-बाबा सांगलीला, धाकटा भाऊ डब्लिनला आणि मी ठाण्यात. फुकटच्या झूमवर चाळीसच मिनिटं मिळतात, आणि तीन रविवार त्यातली पहिली दहा-पंधरा या एकाच तक्रारीत गेली: मी "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हटलं की अर्ध्या सेकंदाने माझाच "ऐकू येतंय का?" माझ्या कानात. मी हेडफोन बदलले, वायरवाले लावून बघितले, लॅपटॉप रीस्टार्ट केला. उपयोग शून्य.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपला आवाज आपल्याला उशिराने परत येत असेल, तर तो आपल्या घरात तयार होत नसतो. तो इंटरनेटवरून समोरच्याकडे जातो, त्यांच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, त्यांचाच माइक तो उचलतो आणि आपल्याकडे परत पाठवतो. आपण कितीही भारी हेडफोन घातले तरी त्या वाटेत काही फरक पडत नाही. हेडफोन त्या घरात हवेत.

मग ते घर कोणतं? कॉलवर तिघं-चौघं असतील तर विचारायचं, "इको कोणाला ऐकू येत नाहीये?" ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, बहुतेक वेळा त्याच्याच घरात गडबड असते. आमच्याकडे मला माझा आवाज परत येत होता, भावाला त्याचा. आई मात्र म्हणत होती, "आमच्याकडे तर एकदम स्पष्ट येतंय रे, तुमचंच काहीतरी बिघडलंय." तिथेच कळायला हवं होतं. खात्री करायची तर त्या व्यक्तीला दहा सेकंद म्यूट व्हायला सांगा आणि आपण बोला. इको थांबला की प्रश्न मिटला. सांगली म्यूट झाली आणि माझ्या कानात एकदम शांतता.

आता त्या घरात काय चाललं होतं ते सांगतो. बाबांना चेहरे मोठे दिसावेत म्हणून आईने लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला होता. केबल लावली की विंडोज बहुतेक वेळा चित्राबरोबर आवाजही टीव्हीकडे वळवतं. म्हणजे आमचे आवाज भिंतीवरच्या टीव्हीतून, तेही बाबांना ऐकू जावं म्हणून भरपूर मोठ्याने, आणि माइक मात्र समोरच्या टीपॉयवर ठेवलेल्या लॅपटॉपचा.

"पण झूममध्ये इको कॅन्सलेशन असतं ना?" भावाने विचारलं. असतं, आणि झूम, मीट, टीम्स सगळीकडे ते आपोआप चालू असतं. पण ते जादूने चालत नाही. अॅपला माहीत असतं की आत्ता स्पीकरकडे कोणता आवाज पाठवलाय. तो आवाज खोलीत फिरून माइकपर्यंत किती वेळाने आणि कसा पोचतो याचा अंदाज बांधायचा आणि माइकच्या आवाजातून तेवढा वजा करायचा, एवढंच त्याचं काम. हा अंदाज बसायला सुरुवातीचे काही सेकंद लागतात, म्हणून कॉल लागल्या लागल्या थोडा इको आला आणि नाहीसा झाला तर काळजीचं कारण नाही. मधेच लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेला, तर अंदाज पुन्हा पहिल्यापासून.

टीव्ही या हिशेबात दोन ठिकाणी घोळ घालतो. एक, चित्राशी जुळवून घेण्यासाठी तो आवाज थोडा अडवून मग सोडतो, आणि ब्लूटूथ स्पीकरही असाच उशीर लावतो. दोन, आवाज फुल केला की स्पीकर फाटल्यासारखा वाजायला लागतो. अॅपने पाठवला एक आवाज आणि खोलीत घुमतोय दुसराच, मग वजाबाकीनंतर बाकी उरते. ती बाकी म्हणजेच आपला इको.

आम्ही केलं ते साधं होतं. झूममध्ये माइकच्या बटणाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की स्पीकरची यादी येते. तिथे टीव्हीऐवजी लॅपटॉपचा स्पीकर निवडला. चित्र टीव्हीवर राहिलं, आवाज लॅपटॉपमधून. व्हॉल्यूम साठच्या आसपास आणि लॅपटॉप बाबांच्या जवळ. इअरफोन सुचवून बघितले, पण "कानात बोळे घालून पोरांशी बोलायचं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मर्यादा राहिली: दोन्हीकडून एकदम बोललं की इको मारण्याच्या नादात अॅप कोणाचे तरी शब्द खातं. ते टाळायचं असेल तर हेडफोनच.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे एकाच खोलीतून दोन उपकरणांनी कॉलला बसणं. नवरा लॅपटॉपवर, बायको शेजारी मोबाइलवर. मोबाइलच्या स्पीकरमधून काय बाहेर पडतंय ते लॅपटॉपला कळत नाही, मग तो वजा काय करणार? इको तर येतोच, कधी कर्कश शिट्टीही वाजते. दुसऱ्या उपकरणाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण त्याचा स्पीकर वाजतच राहतो आणि पहिल्याचा माइक तो उचलतो. मीटवर यासाठी `Companion mode` आहे.

हेडफोन घालूनही समोरचा तक्रार करतोय? मग ते खरंच वापरात आहेत का ते आधी बघा. ब्लूटूथचे इअरबड कॉल सुरू झाल्यावर जोडले गेले तर अॅप कधीकधी जुन्याच स्पीकरला चिकटून राहतं. माइकची खात्री नखाने होते: ऑडिओच्या सेटिंगमध्ये माइकची पट्टी उघडी ठेवून हेडफोनच्या माइकवर हलकी टकटक करा, मग लॅपटॉपच्या कडेवर. पट्टी ज्या टकटकीला जोरात उडी मारते तो माइक चालू आहे. आणि स्वस्तातल्या ३.५ एमएम इअरफोनमध्ये कानातल्या आवाजाची आणि माइकची तार पिनेत अर्थिंगची एकच तार वापरतात, त्यामुळे आवाज मोठा ठेवला की तो तारेतूनच माइकमध्ये झिरपतो. आवाज कमी करून फरक पडला तर दोष तारेचा समजा. यूएसबी हेडसेटमध्ये ही भानगड सहसा नसते.

आवाज अजिबात उशीर न होता, बोलताक्षणी स्वतःच्या कानात येत असेल तरच आपलं मशीन तपासायचं. विंडोजमध्ये `Win + R` दाबून

```
mmsys.cpl
```

चालवा, `Recording` मध्ये आपला माइक उघडा आणि `Listen` या टॅबवर `Listen to this device` ची खूण काढा.

सांगलीचं प्रकरण मिटलं असं वाटलं आणि पुढच्या महिन्यात इको परत. टीव्ही बंद, स्पीकर लॅपटॉपचा, सगळं जागच्या जागी. शेवटी सापडलं: आईचा गुरुवारी ऑनलाइन गाण्याचा क्लास असतो. तानपुरा कापला जाऊ नये म्हणून बाईंनी तिला `Original sound for musicians` चालू करायला आणि त्याखालची `Echo cancellation` ची खूण काढायला सांगितलं होतं. क्लासमध्ये ती हेडफोन लावून बसते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. रविवारी मात्र हेडफोन कपाटात आणि सेटिंग गुरुवारचंच. आता कॉल लागला की माझा पहिला प्रश्न असतो, "आई, गाणं बंद केलंस का?"